चारचौघांतला पाणउतारा

कुणी कुणाचा अपमान केला हे सांगताना मराठी माणूस काय बोलला ते नंतर सांगतो. आधी सांगतो, 'चारचौघांत बोलला'. दोघांतच झालेला अपमान गिळता येतो, काही दिवसांनी विसरल्यासारखंही करता येतं. तोच चावडीवर, लग्नाच्या पंगतीत किंवा यात्रेच्या मैदानात झाला, की त्याची बाकी राहते आणि ती बाकी पाहणाऱ्यांच्याही लक्षात राहते. लोकप्रिय सिनेमातल्या डायलॉगबाजीचं मर्म या 'चारचौघांत' शब्दात आहे, असं मला वाटतं. खलनायकाने नायकाला सगळ्यांदेखत खाली दाखवणं आणि शेवटाकडे नायकाने एका वाक्यात त्याला गप्प करणं, या दोन गोष्टी आपण सहसा वेगवेगळ्या आठवतो. खरं तर त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. आधी उधारी होते, मग फेड होते. प्रेक्षक या व्यवहाराचा साक्षीदार असतो, आणि त्याची शिट्टी म्हणजे हिशेब चुकता झाल्याची पावती. 'पंच डायलॉग' हा शब्द ठोसा या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आला असला, तरी मराठी कानाला त्यात आपल्या गावचे पंचही ऐकू येतात. हा योगायोग मला फार उपयोगाचा वाटतो, कारण पंच ऐकायला बसलेले नसतील तर या संवादात काही जीव राहत नाही.

हे पुस्तक अशा संवादांचा संग्रह आहे आणि त्यांचा अभ्यासही. त्याने पाहण्याची जागा मुद्दाम निवडली आहे. मुंबईच्या स्टुडिओतून किंवा समीक्षकाच्या खुर्चीतून न पाहता ते वाचकाला शिरूर-दौंडच्या पट्ट्यात, निमोण्यासारख्या गावाच्या यात्रेत, जमिनीवर मांडी घालून बसवतं. या निवडीला कारण आहे. इथून वायव्येला जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपारी ठरवतात. रात्री देवाचा छबिना निघतो, मग तमाशाचा वग रंगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होते आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. त्याच यात्रेत एके काळी तंबूतला सिनेमाही लागायचा. म्हणजे इथल्या प्रेक्षकाने तमाशा, कुस्ती आणि सिनेमा या तिन्ही गोष्टी एकाच धुळीत, एकाच मुक्कामात पाहिल्या. तिन्हींत दोघे समोरासमोर येतात आणि गाव गोल करून बसतं. सिनेमातला डायलॉग त्याला परका वाटण्याचं कारणच नव्हतं.

वगाच्या आधी येणारी बतावणी नीट ऐकली, तर पाणउताऱ्याचं सगळं तंत्र तिथे सापडतं. बतावणीत एक वरच्या पायरीवरचा असतो, राजा, सरदार किंवा पाटील. आणि एक खालचा असतो, तो सोंगाड्या. सोंगाड्या स्वतःचं वेगळं हत्यार आणत नाही. समोरच्याच्या तोंडातला शब्द तो पकडतो आणि त्याच्याच अंगावर उलटवतो. नमुन्यादाखल एक तुकडा इथे रचून दाखवतो. राजा रुबाबात विचारतो, "प्रजेचे काय हालहवाल?" सोंगाड्या हात जोडून म्हणतो, "हवाल ठाऊक नाही महाराज, हाल मात्र रोज चालू आहेत." राजाच्या जोडशब्दातला एकच तुकडा त्याने उचलला आणि सत्तेचा सगळा पोशाख उतरवला. यात शिवी नाही, आवाज चढवलेला नाही, उलट हात जोडलेले आहेत. राजाला शिक्षाही करता येत नाही, कारण शब्द त्याचेच होते. याच्याही मागे कलगी-तुऱ्याची परंपरा उभी आहे. कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे, तुरेवाले शिवाला. दोन्ही फड रात्र-रात्र एकमेकांना सवाल घालायचे आणि उत्तर न आलेला फड गावासमोर हरायचा. तिथे शाहिरामागे झीलकरी असतात. त्यांच्या 'जी जी'मुळे शाहिराला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला शब्द मुरवायला वेळ मिळतो. सिनेमातल्या खलनायकाच्या मागे उभे राहून हसणारे चमचे हे या झीलकऱ्यांचेच वंशज आहेत, असं या पुस्तकात मांडलं आहे, आणि मला ते पटतं. चमच्यांचं हसू काढून टाका, पाणउतारा अर्धा होतो.

हा व्यवहार प्रेक्षकाला किती खोलवर कळतो, हे मराठी रंगभूमीवर एकदा सरकारी पातळीवर सिद्ध झालं आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, सगळ्यांना पाठ असलेली. तरीही विराटाच्या दरबारात सैरंध्रीचा अपमान करणारा मस्तवाल कीचक बोलू लागला, की प्रेक्षकाला त्यात लॉर्ड कर्झन ऐकू यायचा. नाटकात कर्झनचं नाव कुठेच नाही. पण अपमान भरसभेत झाला आहे, मोठ्या भावाचा मवाळपणा आणि भीमाचा जहालपणा समोरासमोर ठेवला आहे, आणि फेड होणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत आहे. 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. तेव्हा हातात 1876 चा नाट्यप्रयोग कायदा होताच. या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट होते, जी आपण पडद्यावरच्या खलनायकाबद्दल विसरतो. कीचकाची मग्रुरी प्रेक्षकाला रंजक वाटली ती मग्रुरी आवडते म्हणून नव्हे. प्रत्येक उद्दाम वाक्यासरशी कीचकाच्या नावावरची उधारी वाढत होती आणि प्रेक्षक ती मनात मोजत होता. खलनायक जितका चांगला बोलतो, तितकी शेवटाची किंमत चढते. म्हणून चांगला लेखक उत्तम वाक्यं आधी खलनायकाला देतो. नायकाला एकच मिळतं, आणि तेही उशिरा.

बोलपट आल्यावर ही सामग्री पडद्यावर येणं ओघाने झालं. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मध्ये (1936) सालोमालो हा या घराण्यातला अस्सल माणूस आहे: दुसऱ्याचे अभंग आपले म्हणून मिरवणारा, तुकारामांना लोकांदेखत हिणवणारा. गंमत म्हणजे तुकाराम त्याला उलट बोलतच नाहीत. त्यांच्या वतीने उत्तर देते ती इंद्रायणी. वह्या पाण्यावर तरंगून येतात आणि गाव ते पाहतं. फेड शब्दानेच झाली पाहिजे असं नाही, पण ती सगळ्यांसमोर झाली पाहिजे, हे या चित्रपटाने फार आधी दाखवून दिलं. पुढे तमाशापटांनी हाच साचा जवळ केला. अनंत मान्यांच्या 'सांगत्ये ऐका'ने (1959) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे मुक्काम केला. पाटलाने एका घराचा केलेला घात अखेर तमाशाच्या बोर्डावरून, सगळ्या गावासमोर सांगितला जातो. शीर्षकातच हाक आहे आणि ती ऐकणाऱ्यांना उद्देशून आहे. ज्या मंचाला गावातले प्रतिष्ठित हलकं समजतात, त्याच मंचावरून प्रतिष्ठेचा पाणउतारा होतो. हा चित्रपट इतका का चालला याची कारणं लोक गाण्यांत आणि नृत्यांत शोधतात. ती आहेतच. पण त्या हाकेचं वजन मला कमी वाटत नाही.

आता एखादा संवाद आतून कसा बांधलेला असतो ते पाहू. एखाद्या चित्रपटातला तुकडा उचलला, तर वाचकाला नटाचा आवाज आठवेल आणि बांधणी दिसणार नाही, म्हणून हा तुकडाही इथेच रचतो. वाड्याची पायरी आहे. वर पाटील, खाली उसाचं बिल मागायला आलेला तरुण, आजूबाजूला पाटलाची माणसं आणि फाटकाबाहेर थांबलेले चार शेतकरी. पाटील म्हणतो, "तुझा बाप या पायरीला यायचा तेव्हा चप्पल हातात घेऊन यायचा. तुला पायात घालायला कुणी शिकवलं?" माणसं हसतात. तरुण चप्पल काढतो आणि निघून जातो. दीड तासाने तोच वाडा लिलावात तरुणाच्या नावावर झाला आहे. पाटील दाराशी येतो, सवयीने वर चढायला जातो, थबकतो, वाकून चप्पल काढू लागतो. तरुण म्हणतो, "राहू द्या पाटील, पायात राहू द्या. आमच्यात पाहुण्याला अनवाणी उभं करत नाहीत." दृश्य इथे संपतं.

हे वाक्य चालत असेल तर कशामुळे? पहिलं कारण वस्तू. उधारी चपलेची होती, फेडही चपलेचीच आहे; प्रेक्षकाला जुना प्रसंग कुणी समजावून सांगावा लागत नाही. दुसरं कारण 'पाहुणा' हा शब्द. तो आदराचा आहे, आणि त्याच आदराने पाटील वाड्याचा मालक राहिलेला नाही हे जाहीर होतं. शिवीने हे साधलं नसतं. शिवी दिली असती तर तरुण पाटलाच्या पायरीला उतरला असता. आदर दाखवून तो वरच्या पायरीवर जातो. तिसरं कारण 'आमच्यात'. या एका शब्दात घर, भाऊबंद, जात आणि रीत हे सगळं येतं, आणि ज्यांना आजवर रीत नाही असं हिणवलं गेलं त्यांची रीत वरचढ ठरते. चौथं कारण मराठी वाक्याची घडण. क्रियापद आणि नकार शेवटी येत असल्याने निकाल शेवटच्या शब्दापर्यंत रोखून धरता येतो. 'अनवाणी उभं' इथपर्यंत पाटलालाही कळत नाही की पुढे काय येणार. 'करत नाहीत' आलं की दार लागतं. नट चांगला असेल तर तो 'अनवाणी' नंतर अर्धा श्वास थांबतो. आणि वाक्य संपल्यावर दिग्दर्शक तीन-चार सेकंद मोकळे ठेवतो. ते सेकंद पाहणाऱ्यांचे असतात, तिथे शिट्टी बसते. ती जागा ठेवली नाही तर पुढचा संवाद शिट्ट्यांत वाहून जातो.

हाच संवाद बिघडवायचा असेल तर फार सोपं आहे. तरुणाने पुढे म्हणावं, "आता कळलं का तुम्हाला, अपमान काय असतो ते?" झालं. प्रेक्षकाने स्वतः जोडायचा दुवा लेखकाने जोडून टाकला आणि साक्षीदाराला कामच उरलं नाही. दुसरा बिघाड अधिक सर्रास दिसतो: उधारीच नसते. नायक पहिल्याच दृश्यात येतो, कुणाचं काही देणं-घेणं नसताना वाऱ्याला उद्देशून मोठमोठी वाक्यं फेकतो. अनुप्रास असतो, पार्श्वसंगीत असतं, पण मागचं काही चुकतं होत नसतं. प्रेक्षक हसतो, क्वचित टाळीही देतो, आणि चित्रपटगृहाबाहेर येईपर्यंत विसरतो. वाक्य कच्चं आहे की पक्कं, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. आधीचं दृश्य झाकून फक्त ते वाक्य कुणाला ऐकवा. ते तेवढंच चांगलं वाटलं, तर सहसा ते कच्चं असतं. पक्कं वाक्य एकटं ऐकलं तर साधं वाटतं. "पायात राहू द्या" यात काय आहे? मागची पायरी आठवली तरच सगळं आहे.

या कलेचं दुसरं घराणं आवाज न चढवणाऱ्यांचं. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' (1974) हा त्याचा कळस. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्याचा आणि गावाचा धनी. भीमा-घोडच्या काठच्या ऊसपट्ट्यातल्या प्रेक्षकाला असा माणूस समजावून सांगावा लागत नाही. रस्त्यावर सापडलेल्या बेवारशी, व्यसनी मास्तराला तो घरी आणतो, खाऊ घालतो, पिऊ घालतो. हे आदरातिथ्यच त्याचा पाणउतारा आहे. मी तुला पोसतो, हे तो प्रत्येक घोटासोबत सांगत असतो. डॉ. श्रीराम लागूंच्या मास्तराकडे उलट फेकायला जोरदार वाक्य नाही. त्याच्याकडे एक प्रश्न आहे: मारुती कांबळेचं काय झालं? गाव गप्प असताना तो प्रश्न परत परत येतो, आणि हिंदुरावाचा डोलारा त्या प्रश्नाने हलतो. पंच डायलॉगच्या व्याख्येत हा प्रश्न बसत नाही असं कुणी म्हणेल. माझ्या मते मराठी सिनेमातला सर्वांत ताकदीचा पंच डायलॉग हाच आहे, कारण त्यात उधारी नायकाची नाही, गावाची आहे. मारुती कांबळे हयात नाही, त्याची फेड कुणीतरी उच्चारून करायची आहे. तेंडुलकरांचीच पटकथा असलेल्या 'अर्धसत्य'मध्ये (1983) अहमदनगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी रामा शेट्टी उभा केला, तोही याच घराण्यातला. पोलीस अधिकारी वेलणकर दारात आलेला असताना तो आवाज चढवत नाही. त्याचं शांतपणे बसून राहणं हाच वेलणकरच्या गणवेशाचा अपमान असतो. निळू फुले आणि अमरापूरकर दोघेही रंगभूमीवरून आलेले. निळूभाऊंनी तर लोकनाट्याच्या बोर्डावर ऐकणाऱ्याची नस ओळखायला शिकून घेतलं होतं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज असलेला नट जेव्हा मुद्दाम आवाज खाली घेतो, तेव्हा त्यात दहशत येते. ज्याला मुळातच आवाज नाही, त्याने खाली घेऊन ती येत नाही.

दादा कोंडक्यांची वाट वेगळी. 'सोंगाड्या' (1971) या नावातच त्यांनी आपलं कूळ सांगितलं. त्यांचा नायक भोळा आहे, आणि भोळेपणामुळे त्याला वरच्या माणसाचा शब्द चुकीचा ऐकू येण्याची मुभा आहे. बतावणीतल्या सोंगाड्याची तीच मुभा. दुहेरी अर्थाबद्दल त्यांच्यावर झालेली टीका सर्वांना माहीत आहे. त्यांच्या उत्तम प्रसंगांत हसू इन्स्पेक्टर, सावकार, पुढारी यांच्यावर जातं आणि कमजोर प्रसंगांत ते बाईवर जातं, एवढा फरक नोंदवून मी पुढे जातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महेश कोठारे यांच्या 'धडाकेबाज' (1990) आणि 'झपाटलेला' (1993) यांसारख्या चित्रपटांत खलनायक विनोदी झाला. कवट्या महाकाळ काय, तात्या विंचू काय, भीती आणि हसू यांची ती मिसळ मुलांना इतकी आवडली की त्या पिढीने खलनायकांची नावं नायकांआधी पाठ केली.

इथे एक आक्षेप हमखास येतो. पंच डायलॉग ही दक्षिणेची आयात आहे, टीव्हीवर डब होऊन आलेल्या तमिळ-तेलुगू चित्रपटांची लागण आहे, आपला सिनेमा असा नव्हता. शब्द तिकडून रुळला यात तथ्य आहे. 'बाशा'तल्या (1995) रजनीकांतच्या, मी एकदा सांगितलं म्हणजे शंभरदा सांगितल्यासारखं आहे, या आशयाच्या वाक्याने तो प्रकार देशभर ओळखीचा झाला. हा नट मूळचा शिवाजीराव गायकवाड, बेंगळुरूच्या मराठी घरातला. पण त्यावरून 'तो आमचाच' म्हणत कॉलर ताठ करण्यात अर्थ नाही. ती कला त्याने तमिळ प्रेक्षकांत घडवली आणि श्रेयही तमिळ लेखकांचं आहे. आयातीच्या आक्षेपाला उत्तर वेगळं आहे. भरसभेतला अपमान आणि त्याची फेड हा साचा कीचकवधात होता, बतावणीत होता, 'सांगत्ये ऐका'त होता. दक्षिणेकडून आली ती घासून-पुसून लहान केलेली वाक्याची आकृती आणि तिच्यामागचा ढोल. हिंदीतही तेच. 'शोले'चे (1975) संवाद पॉलिडोरने वेगळ्या तबकडीवर काढले आणि गाण्यांच्या जोडीने लोकांनी ते लाउडस्पीकरवर ऐकले. त्यात सगळ्यांत जास्त पाठ झाला तो गब्बर. सगळ्यांना कळत होतं की या माणसाच्या नावावर फार मोठी उधारी चढते आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. या संवादांनी अपमानाची चटक लागते. पडद्यावर वरच्याचा पाणउतारा पाहून आलेला प्रेक्षक घरी खालच्याचा करतो. निळू फुल्यांच्या नावावर चिकटलेलं ते वाड्यावर बोलावण्याचं वाक्य बघा. ते आज विनोद म्हणून फिरतं. खरं तर ती एका बाईला दिलेली धमकी आहे, आणि फेडीचं दृश्य मात्र कुणालाच पाठ नाही. म्हणजे समाजाने उधारीची पावती जपली आणि फेडीची फाडून टाकली. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात वाढले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिले. असल्या पाटलांविषयी त्यांच्या मनात काय होतं हे वेगळं सांगायला नको. गावाकडच्या बायका त्यांचा राग करायच्या, ही त्यांच्या अभिनयाची खरी पोच होती. पुढच्या पिढीने त्यातला राग काढून नुसती नक्कल ठेवली. इथे दोष संवादाचा की आपला, हा प्रश्न हे पुस्तक टाळत नाही. माझं उत्तर असं: पाणउतारा खालून वर जातो तेव्हा त्याला हिशेब असतो. वरून खाली येतो तेव्हा लेखकाने फेडीची सोय केलीच पाहिजे, आणि ती सोय इतकी ठसठशीत हवी की नक्कल करणाऱ्याला ती गाळता येऊ नये. बाईच्या, जातीच्या, रंगाच्या अपमानावर हसवून पुढे निघून जाणारा चित्रपट बुडवेगिरी करतो.

'सैराट'ने (2016) याच ठिकाणी फार मोठं काम केलं आहे. मराठीत समजत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असं दरडावणारी आर्ची महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. मुलीच्या तोंडी असं वाक्य आलं याचा आनंद खरा होता. पण ते वाक्य तिला परवडतं कशामुळे, हे नागराज मंजुळे उत्तरार्धात दाखवतात. ती पाटलाची लेक आहे. गावात तिच्या शब्दामागे वडिलांचं नाव उभं आहे. हैदराबादच्या झोपडपट्टीत ते नाव गळून पडतं आणि तिच्याकडची सगळी वाक्यं संपतात. तीच मुलगी, तोच आवाज, पण ऐकणारं गाव नाही. पंच डायलॉगमागची सत्ता कुठून येते याचा इतका स्वच्छ उलगडा मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही. शेवटच्या दृश्यात शब्दच नाहीत. उधारी झाली, फेड नाही, आणि म्हणूनच प्रेक्षक उठून बाहेर जाताना गप्प होता.

आज या विषयाकडे पाहण्याची निकड एका तांत्रिक बदलामुळे आली आहे. संवाद आता चित्रपटातून सुटून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात फिरतो, गाडीच्या काचेवर येतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर येतो. पुण्याभोवतीच्या जमिनी विकलेल्या घरांची पोरं गुन्हेगारीत कशी ओढली जातात हे प्रवीण तरड्यांच्या 'मुळशी पॅटर्न'ने (2018) सांगितलं. तो चित्रपट मुळात बापाच्या हताशपणाची गोष्ट आहे. त्यातले संवाद सुटे होऊन फिरले तेव्हा बाप मागे राहिला आणि रुबाब तेवढा पुढे गेला. शिरूर-दौंडमध्येही रांजणगावच्या बाजूला औद्योगिक वसाहतीखाली जमिनी गेल्या. ही गोष्ट इथे परकी नाही. तुकडा फिरवणाऱ्या मुलाला दोष देऊन भागत नाही. त्याला वाक्य मिळालं, हिशेब मिळाला नाही. लेखकही आता तुकडा डोळ्यांसमोर ठेवून लिहू लागले आहेत, आणि म्हणून वर सांगितलेली कच्च्या वाक्याची खूण हल्ली पहिल्या झलकेतच दिसते.

या पुस्तकाने संग्रहाची जी पद्धत धरली आहे, ती मला याच कारणाने मोलाची वाटते. संवादांचे संग्रह पूर्वीही निघाले आहेत. त्यांत वाक्य, नट आणि चित्रपट एवढंच असतं. इथे प्रत्येक नोंदीत आणखी दोन रकाने आहेत. एकात हे वाक्य कोणत्या आधीच्या अपमानाची फेड करतं ते लिहिलं आहे, आणि फेड करत नसेल तर रकाना कोरा सोडला आहे. नव्या चित्रपटांकडे सरकावं तसे कोरे रकाने वाढत जातात. वाचकाने ते मोजावेत. दुसऱ्या रकान्यात दृश्यात बोलणाऱ्यांखेरीज कोण उभं आहे त्याची नोंद आहे: चुलीपाशी थांबलेली सून, जीपच्या टपावर बसलेला पोरगा, पंगतीत वाढपी, फाटकाबाहेरचे शेतकरी. आपण चित्रपट पाहताना त्यांच्याकडे पाहत नाही. ही नोंद हातात घेऊन एखादा जुना तमाशापट पुन्हा लावा आणि पाटील बोलत असताना नजर त्याच्यावरून काढून मागे उभ्या असलेल्या माणसांवर ठेवा. कोण हसतं, कोण खाली बघतं, आणि सगळे हसत असताना एकजण हसायचं कधी थांबवतो.